३१ मार्चला सर्व्हर बंद पडला तर: महिनाअखेरचा जॉब कसा तपासावा

टेस्टिंगमध्ये नव्याने आलेल्यांच्या हातात शेड्यूल्ड जॉब, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम, आला की बहुतेक जण तो हाताने चालवून बघतात, आउटपुट बरोबर आलं की ‘पास’ लिहितात. खरा प्रश्न वेगळाच असतो: ठरलेल्या वेळेला सर्व्हर बंद असेल तर काय होईल?

नाशिकरोडची एक पतसंस्था कल्पून घ्या. महिन्याच्या शेवटच्या रात्री ११:५५ ला बचत खात्यांवर व्याज जमा होतं आणि मध्यरात्र उलटल्यावर, १ एप्रिलला रात्री १२:३० ला वर्षअखेरचा जॉब मागच्या वर्षाचे हिशेब बंद करतो. ३१ मार्च २०२५ ला रात्री ११:४० ला लाइट गेली, यूपीएसही संपला आणि सर्व्हर १२:२५ ला परत चालू झाला.

ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या लिनक्सच्या नेहमीच्या क्रॉनमध्ये ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ असा पर्याय नसतो. म्हणून २८ ते ३१ तारखेला रोज ‘उद्या १ तारीख आहे का’ हे बघणारी ओळ साधारण अशी लिहिलेली सापडते:

```
55 23 28-31 * * [ "$(date -d tomorrow +\%d)" = "01" ] && /opt/vyaj.sh
```

इथे `%` च्या आधीचा `\` नीट बघा. क्रॉनटॅबमध्ये नुसता `%` म्हणजे नवी ओळ, त्यामुळे टर्मिनलवर चालणारी कमांड क्रॉनमध्ये मोडते. तपासणी क्रॉनमधूनच करायची ती याचसाठी. २८ फेब्रुवारी २०२४ ला जॉब चालता कामा नये, २९ ला चालला पाहिजे. हेही एकदा बघून घ्या.

आता लाइट गेल्याचा प्रसंग. हुकलेली वेळ क्रॉन भरून काढत नाही. सकाळी कोणीतरी स्क्रिप्ट हाताने चालवतं आणि स्क्रिप्ट आजची तारीख घेऊन बसते. ५०,००० रुपये शिल्लक, ६ टक्के दर आणि ३६५ दिवसांचं वर्ष धरलं तर मार्चच्या ३१ दिवसांचं व्याज २५४.७९ रुपये होतं. स्क्रिप्टने एप्रिल धरला तर १ दिवसाचे ८.२२ रुपये जमा होतात. एरर नाही, लॉग हिरवा, आणि चूक कळते ती खातेदार उतारा घेऊन काउंटरवर आल्यावर. म्हणून डेव्हलपरकडे पहिली मागणी ही करा की महिना बाहेरून देता आला पाहिजे: `vyaj.sh 2025-03`.

घड्याळ पुढेमागे करण्यासाठी `faketime` वापरता येतं:

```
faketime '2025-04-01 00:25:00' /opt/vyaj.sh 2025-03
```

मात्र ते फक्त त्या प्रोसेसला फसवतं. डेटाबेस स्वतःच्या `NOW()` ने खरीच तारीख देतो. नोंदींवर आजची तारीख दिसली तर क्वेरीत `NOW()` दडलेलं आहे असं समजा. असा जॉब ११:५५ ला वेळेवर सुरू होऊनही बिघडतो, कारण मध्यरात्रीनंतर झालेल्या खात्यांवर १ एप्रिलची तारीख पडते. तारीख सुरुवातीला एकदाच घेतली पाहिजे.

क्रॉनऐवजी सिस्टमडी टायमर असेल तर हे दिसेल:

```
OnCalendar=*-*~01 23:55:00
Persistent=true
```

`~01` म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस. `Persistent=true` मुळे सर्व्हर उठल्यावर हुकलेला जॉब चालतो, पण कितीही वेळा हुकला असला तरी एकदाच. सर्व्हर फेब्रुवारीअखेर आणि मार्चअखेर अशा दोन्ही वेळी बंद असेल, तर कोणते महिने बाकी आहेत हे जॉबलाच स्वतःच्या नोंदींवरून शोधावं लागतं. ही केस हमखास नजरेतून सुटते, त्यामुळे आवर्जून लिहा.

अर्धवट चाललेल्या जॉबसाठी डेटाबेसच्या दोन सारख्या प्रती घ्या. एकीवर जॉब सरळ पूर्ण चालवा. दुसरीवर तो मध्येच `kill -9` ने अचानक बंद पाडा, मग त्याच महिन्यासाठी परत चालवा. दोन्हीकडची एकूण रक्कम जुळली म्हणून थांबू नका. प्रत्येक खात्यावर मार्चची नोंद एकच आहे ना, ते मोजा. वरच्या खात्यावर ५०९.५८ दिसले तर व्याज दोनदा पडलं आहे. खाते आणि महिना या जोडीवर युनिक बंधन असेल तर दुसरी नोंद डेटाबेसच नाकारतो.

सगळ्यात महाग चूक १२:३० च्या जॉबमध्ये आहे. सर्व्हर १२:२५ ला उठला, म्हणून तो जॉब अगदी वेळेवर चालतो आणि मार्चचं व्याज धरल्याशिवायच वर्ष बंद करतो. नंतर व्याज टाकायला गेलं तर बंद वर्षात नोंद होत नाही. टेस्ट केसमध्ये अपेक्षित निकाल स्पष्ट लिहा: मार्चच्या व्याजाची ‘पूर्ण’ अशी नोंद नसेल तर वर्षअखेरचा जॉब थांबेल, एकही नोंद बदलणार नाही आणि कोणता महिना बाकी आहे ते नावानिशी कळवेल. व्याज निम्म्या खात्यांवर पडलेलं असतानाही निकाल हाच आला पाहिजे.