पॉलिसी सोडावी की ठेवावी? हिशोबातल्या या चुका टाळा

"आठ वर्षं भरली रे, आता सोडू कशी?" हा माझा मावसभाऊ. "माझे दोनच हप्ते गेलेत, पण तेही बुडवायचे का?" ही त्याची बहीण. गेल्या मार्चमध्ये दोघं हप्त्याच्या नोटिसा घेऊन आमच्याकडे आले होते. एजंट घरचाच, त्यामुळे पॉलिसीही सारखीच: वीस वर्षांची एंडोमेंट, विमा रक्कम १० लाख, वर्षाला ५०,००० हप्ता. दरवर्षी ४०,००० बोनस धरला तर शेवटी १८ लाख. (आकडे सोयीसाठी गोल केलेत.)

पहिली चूक दोघांच्या तोंडच्या वाक्यातच होती. भावाने भरलेले चार लाख पॉलिसी ठेवली तरी गेलेत आणि मोडली तरी गेलेत. दोन्हीकडे सारखाच असलेला आकडा निवडीत कशाला हवा? हा बुडीत खर्च. मात्र आज सरेंडर केल्यावर हातात येणारी रक्कम बुडीत नाही. पॉलिसी ठेवली तर ती रक्कम तुम्ही आज पुन्हा तिच्यात गुंतवताय, असंच धरायला हवं. लोक नेमकं उलटं करतात: भरलेले हप्ते घोकतात आणि सरेंडर व्हॅल्यू विचारतसुद्धा नाहीत.

बहिणीची सरेंडर व्हॅल्यू होती ३०,०००. म्हणजे ७० हजारांचं नुकसान. त्यावर तिचा तोडगा ठरलेला, "निदान मुद्दल सुटेपर्यंत भरते." आजवर जितक्यांच्या पॉलिसी पाहिल्या, त्यांतले बहुतेक इथेच अडकलेले. पण मुद्दल एका जागी थांबत नाही, दरवर्षी ५०,०००ने वाढतं. ते सुटायची वाट बघत जे हप्ते भरायचे, ते मात्र अजून बुडालेले नसतात.

आम्ही कोरा कागद घेतला आणि आजपासून पुढचंच मांडलं. तिचे १८ हप्ते बाकी. आजचे ३०,००० आणि पुढचे हप्ते सात टक्क्यांनी दुसरीकडे वाढले (पीपीएफचा दर २०२०पासून ७.१ टक्के आहे), तर १८ वर्षांनी साधारण १९.२ लाख होतात. पॉलिसी देणार १८. म्हणजे ७० हजार सोडूनही बाहेर पडण्यातच तिचा फायदा.

हे ऐकून भाऊ म्हणाला, "म्हणजे माझीही मोडायची." ही दुसऱ्या टोकाची चूक, आणि चार लेख वाचलेली मंडळी ती हमखास करतात. बुडीत खर्च विसरायचा म्हणजे सोडूनच द्यायचं, असं नाही. त्याला आज मिळत होते तीन लाख. ते आणि उरलेले १२ हप्ते सात टक्क्यांनी वाढवले तर होतात १६.३ लाख. पॉलिसीचे १८. कारण साधं आहे: कमिशन आणि सुरुवातीचे खर्च पहिल्या काही वर्षांतच कापले गेलेत. एकूण वीस वर्षांचा परतावा सुमार, जेमतेम सव्वापाच टक्के, पण आजपासून पुढचा बराच बरा. एक्सेलमध्ये हे एका ओळीत दिसतं:

```
=RATE(12,-50000,-300000,1800000,1)
```

उत्तर येतं ८.१ टक्क्यांच्या आसपास. शेवटचा 1 विसरू नका, हप्ता वर्षाच्या सुरुवातीला भरतो म्हणून तो लागतो. बहिणीचे आकडे घातले तर ६.४ येतात. दुसरीकडे तेवढ्याच जोखमीत, कर जाऊन किती मिळेल, त्याच्याशी हा आकडा ताडून पाहायचा.

तिसरा रस्ता एजंट सहसा सांगत नाही: हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप करणं. भावाच्या बाबतीत २०पैकी ८ हप्ते, म्हणून विमा रक्कम ४ लाखांवर येते, जमा झालेला ३.२ लाख बोनस राहतो, पण पुढचा बोनस थांबतो. १२ वर्षांनी ७.२ लाख. वाचलेले हप्ते दुसरीकडे टाकले तर एकूण १६.८ लाखांपर्यंत. सरेंडरपेक्षा थोडं बरं, चालू ठेवण्यापेक्षा कमी. बोनसची हमी नसते, म्हणून पुढची सगळी वर्षं तो ३६,००० धरूनही पाहिलं. १७.५ लाख आले, निर्णय बदलला नाही.

तुम्ही करणार असाल तर सरेंडर व्हॅल्यू, पेड-अप व्हॅल्यू आणि आजवरचा बोनस हे तिन्ही आकडे शाखेतून लेखी घ्या, एजंटच्या तोंडी अंदाजावर जाऊ नका. आणि घर तुमच्या कमाईवर चालत असेल तर टर्म इन्शुरन्स हातात आल्याशिवाय जुनी पॉलिसी मोडू नका. त्याचा हप्ताही हिशोबात धरा, तो पुढचा खर्च आहे.

बहिणीने तेच केलं. टर्मची मेडिकल व्हायला तीन आठवडे गेले, मग सरेंडरचा फॉर्म भरला. भावाने नववा हप्ता भरला. एजंट काका दोघांवरही रुसलेत: एकीने पॉलिसी मोडली म्हणून, दुसऱ्याने नवीन घेतली नाही म्हणून.