पूर्ण वर्ग ओळखायचा आहे? पेपरआधी एवढं पक्कं करा

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये अंकगणिताचे सराव पेपर सोडवणाऱ्यांना हा प्रश्न अधूनमधून भेटतो: चार आठअंकी संख्या दिल्या आहेत, त्यांतली पूर्ण वर्ग कोणती? चौघींचं भागाकार पद्धतीने वर्गमूळ काढत बसलात तर वेळ तिथेच संपतो. त्यापेक्षा थोडी तयारी आधीच करून ठेवा.

पहिली गोष्ट, एककस्थानचा अंक. वर्ग संख्येच्या शेवटी ०, १, ४, ५, ६, ९ एवढेच अंक येतात. शेवटी २, ३, ७ किंवा ८ दिसला की तो पर्याय तिथेच खोडा. शेवटी ५ असेल तर त्याआधी २ हवाच, आणि शून्यं असतील तर ती सम संख्येने हवीत. हे बहुतेकांना येतं, म्हणून यावर जास्त वेळ घालवू नका.

दुसरी गोष्ट बीजांकाची, आणि खरी मेहनत इथे करा. संख्येतल्या अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करत जायची. वर्ग संख्येचा बीजांक १, ४, ७ किंवा ९ च असतो. हे नुसतं पाठ करू नका, कारण समजून घ्या. १०, १००, १००० यांना ९ ने भागलं की बाकी १ च उरते, म्हणून कोणत्याही संख्येची ९ ने येणारी बाकी तिच्या अंकांच्या बेरजेच्या बाकीइतकीच असते. वर्गाची बाकीही मूळ संख्येच्या बाकीवरच ठरते, त्यामुळे १ ते ९ चे वर्ग तपासले की काम झालं. ते करताना एक जोड-यादी हाताशी येते, ती वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: वर्गाचा बीजांक १ असेल तर वर्गमूळाचा १ किंवा ८, ४ असेल तर २ किंवा ७, ७ असेल तर ४ किंवा ५, आणि ९ असेल तर ३, ६ किंवा ९. ही यादी शेवटी फार उपयोगी पडते.

बेरीज करताना ९ आणि ज्यांची बेरीज ९ होते ते अंक सरळ खोडत जायची सवय लावा. सगळेच खोडले गेले तर बीजांक ९ धरायचा.

आता सरावाला हे पर्याय घ्या: ३२९२४६४८, ३२९२५६४४, ३२९४२६४४ आणि ३२९२४६४४. पहिला ८ मुळे गेला. दुसऱ्याची बेरीज ३५, बीजांक ८, तोही गेला. उरलेल्या दोघांची बेरीज ३४, बीजांक ७, शेवटी ४४. दोन्ही पास! कारण त्यांच्यात फक्त २ आणि ४ ची अदलाबदल आहे, आणि अंकांची जागा बदलली तरी बेरीज तीच राहते. म्हणूनच कच्च्या कागदावर संख्या उतरवताना अंक उलटसुलट झाले, तर ती चूक बीजांक पकडत नाही. उतरवलेली संख्या पेपरशी एकेक अंक लावून बघा.

अशा वेळी वर्गमूळाचा अंदाज घ्यायचा. ५७०० चा वर्ग ३२४९००००. ३२९२४६४४ मधून तो वजा केला की ४३४६४४ उरतात. ११४०० ने, म्हणजे ५७०० च्या दुपटीने भागलं की ३८ आणि थोडं वर. वर्ग ४ ने संपतो म्हणजे मूळ २ किंवा ८ ने संपायला हवं, आणि जोड-यादीप्रमाणे त्याचा बीजांक ४ किंवा ५ हवा. ५७३८ ला दोन्ही लागू पडतं: शेवटी ८, बेरीज २३, बीजांक ५. गुणून बघा, ५७३८ × ५७३८ = ३२९२४६४४. ३२९४२६४४ च्या वर्गमूळाचा अंदाज ५७३९ आणि ५७४० च्या मध्ये येतो. तिथे २ किंवा ८ ने संपणारी संख्याच नाही, म्हणून ती बाद.

हा शेवटचा टप्पा कधीच गाळू नका. एककस्थानचा अंक आणि बीजांक या दोन चाचण्या ‘नाही’ एवढंच खात्रीने सांगतात. सलग ९० संख्यांपैकी २४ संख्या दोन्ही चाचण्या पार करतात. ५७३८ आणि ५७३९ यांच्या वर्गांत ११४७७ चं अंतर आहे. त्या दोघांच्या मधल्या सुमारे तीन हजार संख्या दोन्हीकडे पास होतात आणि त्यांतली एकही वर्ग नाही. पर्याय एकच उरला आणि ‘यांपैकी नाही’ असाही पर्याय छापलेला असेल, तर गुणाकार करूनच गोल काळा करा.