रिट दाखल करताना या चुका टाळा: जोडपत्रं आणि शपथपत्र

तालुक्यावरून नागपूर खंडपीठात फाईल पाठवणाऱ्याला मुद्द्यांची भीती नसते, भीती असते ती ऑफिस ऑब्जेक्शनची. याचिकेला स्टॅम्प नंबर पडतो, मग कागदातली खोट निघते, आणि ती वेळेत दुरुस्त झाली नाही तर मुद्दा ऐकण्याआधीच याचिका निकाली निघू शकते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्याची फाईल माझ्या हातून अशीच परत आली होती, तिच्यावरूनच सांगतो.

सरकारी जागेवर अतिक्रमण केलं म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनी या सदस्याला अपात्र ठरवलं. अमरावतीला आयुक्तांकडचं अपीलही फेटाळलं गेलं. मी घाईत फक्त अपिलाचा आदेश जोडला आणि तेवढाच रद्द करायची विनंती केली. पण सदस्यत्व जिल्हाधिकाऱ्यांच्या मूळ आदेशानं गेलं होतं. दोन्ही आदेश जोडायचे, दोन्ही रद्द करायची विनंती करायची, आणि पोटनिवडणूक लागण्याची शक्यता असेल तर अंतरिम स्थगितीही वेगळी मागायची. कायद्यातलं अपील करून झालं आहे हे याचिकेत स्पष्ट लिहावं, नाहीतर पहिला प्रश्न तोच येतो.

आदेशाची नक्कल मिळण्याआधी पक्षकार व्हॉट्सॲपवर आलेला फोटोच घेऊन येतो. नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाकायचा. फारच तातडी असेल तर साधी प्रत जोडून प्रमाणित प्रतीतून तूर्त सूट मागता येते, पण ही विनंती याचिकेत लिहिलेली पाहिजे. आदेशाबरोबर मूळ तक्रार, आपलं लेखी उत्तर, ग्रामसेवकाचा अहवाल आणि मोजणी नकाशा, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांपुढे जे होतं ते सगळं लावावं. खाली कधीच न दाखवलेला नवा कागद इथे पुढे करून फारसा उपयोग होत नाही, कारण कोर्ट साधारणपणे त्या अधिकाऱ्यासमोर काय होतं तेच पाहतं.

मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर लागतं, आणि माझ्या फाईलची खरी फजिती तिथे झाली. आमचा बचाव ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर, म्हणजे घराच्या कर आकारणीच्या नोंदीवर होता. भाषांतरकारानं त्याला महसुली गाव नमुना 8अ समजून शेतजमिनीचा खातेउतारा करून टाकला. घराच्या वादात शेताचा कागद कुठून आला, असा प्रश्न पडला तो आमच्याच पानावरून. भाषांतर मूळ कागदाशेजारी ठेवून स्वतः वाचा. पंचनामा हाताने लिहिलेला आणि झेरॉक्समध्ये पुसट असेल तर टंकलिखित प्रतही लावा.

आता शपथपत्र. गावाकडे शपथपत्र म्हटलं की सेतू आणि स्टॅम्प पेपर आठवतो. पक्षकार अभिमानानं म्हणाला, "सायेब, पाचशेचा स्टॅम्प घेऊनच आलो न मी." महाराष्ट्रात कोर्टात द्यायच्या शपथपत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, ते पैसे वाया गेले. खरी चूक माझी होती: "पॅरा 1 ते 18 मधील मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा आहे." अशा एकाच वाक्यानं सगळं झाकता येत नाही. कुठली गोष्ट स्वतःला माहीत आहे आणि कुठली दुसरीकडून कळली, हे वेगळं सांगावं लागतं. नंतर आम्ही असं फोडलं: घर कधी बांधलं आणि नोटीस कधी मिळाली हे पॅरा 1 ते 6 त्याच्या स्वतःच्या माहितीतले, आदेश आणि अहवालांचे पॅरा 7 ते 11 जोडलेल्या कागदांवरून, कायद्याच्या मुद्द्यांचे पॅरा 12 ते 18 वकिलांच्या सल्ल्यानं खरे वाटतात म्हणून.

याचिका इंग्रजीत आणि पक्षकार मराठीत सही करणारा असेल, तर मजकूर त्याला मराठीत वाचून समजावला आणि त्याला तो कळला, अशी नोंद सहीजवळ हवी. अंगठा असेल तर ती विसरूच नका. आणि नुसती नोंद नको, खरंच वाचून दाखवा. माझ्या पक्षकारानं तेव्हाच सांगितलं की घर त्याचं नाही, वडिलांच्या नावावर आहे.

तारखाही बघा. आमचं शपथपत्र नोटरीसमोर 3 जूनला झालं होतं आणि जोडपत्र 4 च्या नकलेवर ती दिल्याची तारीख होती 6 जून. हातात नसलेल्या कागदाबद्दल माणसानं शपथ कशी घेतली? कोऱ्या किंवा अर्धवट मसुद्यावर आधी सही घेऊन ठेवायची तालुक्याची सवय अशी उघडी पडते. शेवटचं पान छापून झाल्यावर, पानांचे क्रमांक घातल्यावरच पक्षकाराला नोटरीकडे न्या. खाडाखोड झाली तर त्यावर त्याची आणि नोटरीची छोटी सही घ्या. शपथेनंतर मजकुराचं पान बदलावं लागलं, तर शपथ पुन्हा घ्यायची, मग पक्षकाराला पन्नास किलोमीटरवरून एसटीनं परत यावं लागलं तरी.