झोपेआधीची चुळबुळ आणि पोटावरचे अस्वल

आमचा सहा वर्षांचा मुलगा अंथरुणावर पडल्यावरही सतत चुळबुळ करत असे आणि "शांत झोप" असे सांगितल्याने ती वाढतच असे. म्हणून दिवा मंद करून आधी त्याच्या अंगातली हालचाल मोकळी होऊ देणे मला योग्य वाटले. तो रांगत्या स्थितीत मांजरासारखी पाठ वर उचलतो, मग खाली सोडतो, आणि शेवटी टाचांवर बसून कपाळ गादीला टेकवत बालासनात थोडा वेळ थांबतो.

त्यानंतर तो उताणा झोपतो आणि त्याच्या पोटावर कापडी अस्वल ठेवून मी सांगते, "अस्वलाला हळूच झोका दे." नाकाने श्वास घेताना मी मनात तीन अंक मोजते, सोडताना पाच, कारण लांब उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते. अस्वल न हलता खांदे उचलले गेले, तर श्वास छातीतच अडकतो आहे असे समजावे. श्वास रोखायला मात्र मी कधीही सांगत नाही, आणि जोरजोरात श्वास घेतल्याने चक्कर येऊ शकते, म्हणून तसे दिसताच मोजणे थांबवते. अस्वल खाली पडले की त्याला हसू फुटते. अशा वेळी उच्छ्वासासोबत भुंग्यासारखा गुंजारव करायला सांगितला, की श्वास आपोआप लांबतो.