‘शॉक’चे दोन अर्थ आणि माझे गेलेले गुण

प्रथमोपचाराच्या पहिल्या लेखी परीक्षेत एक ओळीचा प्रश्न होता: ‘शॉकची लक्षणे व उपचार लिहा.’ मी मेन स्विच बंद केला, लाकडी काठीने तार बाजूला सारली आणि पानभर लिहून खुशीत बाहेर पडलो. गुण शून्य. प्रश्न विजेच्या धक्क्याचा नव्हताच. खूप रक्त गेल्यावर किंवा मोठ्या प्रमाणात भाजल्यावर शरीराला पुरेसा रक्तपुरवठा होत नाही, त्या अवस्थेलाही ‘शॉक’च म्हणतात. त्वचा फिकट, गार आणि घामेजलेली. नाडी जलद पण क्षीण. माणूस बेचैन, मग हळूहळू गुंगीत. प्रश्नात वीज, तार, उपकरण असा एकही शब्द नसेल, तर उत्तर या शॉकचं लिहायचं.

दुसऱ्या वेळी भाजणं, विजेचा धक्का आणि रक्तस्राव हे तिन्ही एकाच प्रश्नात आले. असा मिश्र प्रश्न नवख्यांना हमखास अडकवतो, म्हणून तोच इथे सोडवतो.

प्रश्न: सहा फुटांच्या शिडीवर उभा राहून एक कामगार ड्रिल मशीन चालवत आहे. मशीनमध्ये वीज उतरते आणि त्याचा उजवा हात मशीनला चिकटून राहतो. काही क्षणांत तो मशीनसकट खाली पडतो. पडताना काच लागून डाव्या हाताला मनगट आणि कोपर यांच्यामध्ये खोल जखम होते. लालभडक रक्त उसळ्या मारत येत आहे. उजव्या तळव्यावर काळपट डाग आहे, बोटात अंगठी आहे. तो कण्हत आहे. तुम्ही काय कराल, क्रमाने व कारणांसह लिहा. (10 गुण)

बहुतेकांच्या उत्तराची पहिली ओळ ‘रुग्णाला धीर द्यावा’ अशी असते. चुकलं. मशीन अजून त्याच्या हातात आहे आणि तुम्ही त्याला धरलंत तर रुग्ण दोन होतील. हात चिकटतो त्याचं कारणही लिहा: प्रवाहामुळे स्नायू आवळले जातात आणि मूठ उघडता येत नाही. म्हणून नमुना उत्तराची सुरुवात अशी: ‘प्रथम रुग्णाला स्पर्श न करता मेन स्विच बंद करीन किंवा प्लग काढीन. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभा राहून कोरड्या लाकडी काठीने मशीन दूर सारीन. त्याच वेळी दुसऱ्या व्यक्तीला रुग्णवाहिका बोलवायला सांगीन.’ यातला ‘कोरड्या’ हा शब्द गाळू नका. हा उपाय घरगुती दाबाच्या विजेपुरताच आहे. उच्च दाबाची तार असेल तर काठीही नको. वीज कंपनीने पुरवठा तोडल्याचं सांगेपर्यंत किमान 18 मीटर लांब थांबायचं.

आता दुसरी पायरी. आधी भाजलेला तळवा की वाहणारा हात? मी तेव्हा तळवा लिहिला होता, कारण पुस्तकात भाजण्याचा धडा आधी होता! तो कण्हतो आहे, म्हणजे श्वास चालू आहे. उसळ्या मारणारं लालभडक रक्त म्हणजे धमनी कापली गेली आहे. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं आणि धमनीतून ते काही मिनिटांत घातक प्रमाणात जाऊ शकतं. भाजलेल्या जागेवर मात्र पाणी थोड्या उशिरानेही उपयोगी पडतं; तीन तासांच्या आत केव्हाही.

‘जखमेत काच रुतलेली नाही हे पाहून स्वच्छ कापडाच्या घडीने थेट जखमेवर जोराने दाब देईन. दाब किमान 10 मिनिटे सलग ठेवीन. कापड भिजल्यास ते न काढता त्यावर दुसरी घडी ठेवीन. काच रुतलेली असल्यास ती न काढता दोन्ही बाजूंनी दाब देईन.’ प्रात्यक्षिकात मी दोन मिनिटांनी ‘थांबलंय का बघू’ म्हणून घडी उचलली आणि परीक्षकांनी तिथेच थांबवलं. धरू लागलेली गुठळी त्या बघण्याने सुटते.

दाबानेही रक्त थांबत नसेल तर टूर्निके, म्हणजे रक्त अडवण्यासाठी हाताभोवती आवळून बांधायचा पट्टा. जखमेच्या वर, हृदयाच्या बाजूला, 5 ते 7 सेंटीमीटर अंतरावर, सांध्यावर नाही. पट्टा रुंद हवा, सुतळी किंवा तार नको, ती मांस कापते. रक्त थांबेपर्यंत आवळायचा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. ‘दर काही मिनिटांनी सैल करावे’ हे जुन्या गाइडमधलं वाक्य पाठ केलं असेल तर विसरा. एकदा बांधलेला टूर्निके दवाखान्यातच सुटतो.

रक्त आटोक्यात आलं की उजवा हात. अंगठी लगेच काढायची, कारण सूज आल्यावर ती निघत नाही आणि बोटाचा रक्तपुरवठा तोडते. मग तळव्यावर 20 मिनिटं थंड वाहतं पाणी, अर्थात वीज बंद असल्याची खात्री करून आणि मशीन दूर ठेवून. बर्फ, मलम, टूथपेस्ट काहीही नाही, फोड फोडायचे नाहीत. नंतर स्वच्छ, न चिकटणारं आच्छादन.

इथे एक गुण बहुतेकांचा जातो. भाजल्याचं क्षेत्र काढायला आपण नऊचा नियम शिकतो: प्रौढाचा एक पूर्ण हात 9 टक्के, पोट-छाती मिळून 18. उकळतं पाणी सांडलं असेल तर हा हिशोब चालतो. विजेच्या भाजण्यात तो फसवतो. तळव्यावरचा रुपयाएवढा डाग ही फक्त प्रवाह आत शिरल्याची जागा. तो बाहेर पडल्याची खूण पायाच्या तळव्यावरही असू शकते, आणि मधले स्नायू आतून भाजलेले असू शकतात. म्हणून लिहा: ‘प्रवाह बाहेर पडल्याची जखम शोधीन. डाग लहान असला तरी रुग्णालयात पाठवीन, कारण हृदयाचे ठोके नंतरही अनियमित होऊ शकतात.’

शॉकसाठी पाय उंच करावेत, हे पाठ असतं. पण हा माणूस शिडीवरून पडला आहे, मानेला किंवा पाठीला मार असू शकतो. म्हणून ‘सपाट झोपवून डोके-मान स्थिर ठेवीन, पांघरूण घालीन, खायला-प्यायला काही देणार नाही’ एवढंच.

तोंडी परीक्षेत याच प्रश्नाला शेपूट जोडतात. परीक्षक म्हणाले, “आता तो बोलत नाही, मधूनच एखादा घरघरता श्वास घेतोय.” मी “श्वास चालू आहे” म्हणालो. तो श्वास नव्हे. हृदय थांबल्यावरची ती धाप असते. नीट श्वास आहे का हे 10 सेकंदांपेक्षा जास्त पाहत बसायचं नाही. लगेच सीपीआर: छातीच्या मध्यभागी 5 ते 6 सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 दाब, 30 दाबांनंतर 2 श्वास, आणि हृदयाला विजेचा झटका देणारं एईडी यंत्र मिळालं की लगेच लावायचं.

“मग डावा हात कोण दाबणार?” त्यांनी लगेच विचारलं. मदतनीस असेल तर तो. नसेल तर टूर्निके पटकन आवळून दोन्ही हात छातीवर. मी टूर्निकेची वेळ सांगायला विसरलो, तेवढा अर्धा गुण त्यांनी कापला.