कान्हेरीच्या लेखातला ‘नद’ कोण? नावं वाचताना या चुका टाळा

ठाण्याहून रविवारी कान्हेरीच्या लेण्यांत जाणाऱ्या आमच्या टोळक्यात ब्राह्मी नव्याने शिकलेला कुणीतरी असतोच. गेल्या खेपेला त्याने एका शिलालेखाच्या नकलेवर बोट ठेवून जाहीर केलं, ‘नदस, म्हणजे नदस नावाचा माणूस.’ पहिली चूक इथेच होते. शेवटचा ‘स’ नावाचा भाग नाही, तो प्राकृतातला षष्ठीचा प्रत्यय आहे, आपल्या ‘चा-ची-चे’सारखा. ‘नदस’ म्हणजे नदाचं.

आणि ‘नद’ तरी पूर्ण कुठे आहे? हे लेख कोरणारे दुहेरी व्यंजन सहसा एकदाच लिहितात, अनुस्वाराचा ठिपकाही अनेकदा गाळतात. म्हणून ‘नद’ म्हणजे नंद, ‘दत’ म्हणजे दत्त, ‘धम’ म्हणजे धम्म. शंका आली तर त्याच लेखात ‘देयधम’ शोधा. दानाला वापरलेला हा शब्द ‘देयधर्म’ आहे, हे ठाऊक असल्याने कोरणाऱ्याची सवय कळते.

नदाच्या जोडीला ‘कमारस’ आहे. आमच्या मित्राने ते ‘कुमार’ वाचून त्याला थेट राजपुत्र केलं! ब्राह्मीतला ‘क’ अधिकच्या चिन्हासारखा असतो आणि उकार त्याच्या पायाशी जोडलेला असतो. पायाशी दगडाला चीर गेली असेल किंवा रेघच वळलेली असेल, तर डोळा फसतो. कमार म्हणजे लोहार. कल्याणच्या या नंद लोहाराने वाट करून दिली आहे. त्याच कल्याणचा सोनार समिदत, म्हणजे स्वामिदत्त, पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, देतो. बंदराच्या गावातले कारागीर स्वतःच्या नावाने दान कोरून घेण्याइतके सधन होते, एवढं यातून नक्की कळतं. ‘लोहार’ इथे धंदा सांगतो. आजचं आडनाव किंवा जात त्यावर चिकटवू नका. आणि ज्यांच्याकडे द्यायला काहीच नव्हतं, ते या भिंतींवर नाहीत.

‘गोतमीपुत’, ‘वासिठीपुत’ वाचून मातृसत्ता होती असं म्हणणारेही भेटतात. हे आईच्या गोत्रावरून आलेलं नाव. सातवाहनांची गादी मात्र गौतमीपुत्र सातकर्णीकडून त्याच्या मुलाकडे, वासिष्ठीपुत्र पुळुमावीकडेच गेली.

सगळ्यात चकवणारी चूक म्हणजे नावावरून माणसाचं मूळ ठरवणं. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या एका खांबावर धेनुकाकट गावच्या ‘सिहधया’चं दान कोरलंय. सिंहध्वज, अगदी इथलंच नाव. पण लेखात त्याला ‘यवन’ म्हटलंय, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक किंवा पश्चिमेकडचा परदेशी. नाशिकला तर उत्तरेकडून आलेल्या एका यवनाचं नाव इंद्राग्निदत्त आणि बापाचं धर्मदेव. कार्ल्याच्या खांबाचा नेमका ‘यवन’ शब्दापुरताच टवका उडाला असता, तर सिंहध्वजाला आपण डोळे झाकून मावळातला धरलं असतं.