दिशाज्ञान: चित्र परत काढूनही तीच चूक परत येते, ती कशी पकडायची (या चुका टाळा)

आमच्या वाडीतली तीन-चार पोरं पोलीस भरतीचा अभ्यास करतात, संध्याकाळी आमच्या पडवीत येऊन बसतात, आणि बुद्धिमत्ता चाचणीतलं दिशाज्ञान आलं की सगळ्यांची रड एकच, चित्र काढलं, परत काढून चेकपण केलं, तरी चुकलं. मला वाटायचं घाई करतात म्हणून चुकतं. मग एकदा मावशीच्या पोरीची वही घेतली तर तिने एकाच प्रश्नाची दोन चित्रं शेजारी-शेजारी काढलेली, दोन्ही अगदी जुळी बहिणी, आणि दोन्ही चूक.

प्रश्न असा होता. एक माणूस घरातून निघून दक्षिणेला ८ मीटर जातो, डावीकडे वळून ५ मीटर, परत डावीकडे वळून ३ मीटर, मग उजवीकडे वळून ७ मीटर आणि शेवटी परत उजवीकडे वळून ४ मीटर चालतो. तर तो घरापासून किती लांब आणि कुठल्या दिशेला?

हिने काय केलं, ८ मीटरची रेघ खाली काढली, इथवर ठीक. मग "डावीकडे" म्हणून पेन्सिल गेली पानाच्या डाव्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला. तिथून डावीकडे म्हणजे दक्षिण, हे बरोबर घेतलं, ३ खाली. आता तोंड परत दक्षिणेला, आणि "उजवीकडे" वाचलं की परत पानाची उजवी बाजू, ७ मीटर पूर्वेला. मग ४ खाली. शेवट आला घरापासून २ मीटर पूर्वेला आणि १५ मीटर दक्षिणेला. अंतर काढलं √२२९, म्हणजे साधारण १५.१, पर्यायात "१५ मीटर, आग्नेय" होतंच, केली टिक. आणि बरोबर उत्तर तेच! ती खूश, मी मात्र डोक्याला हात लावला, कारण रस्ता पूर्ण चुकलाय आणि मार्क मिळालाय, आता ही चूक तिला परीक्षेपर्यंत कळणारच नव्हती.

खरा रस्ता बघा. दक्षिणेला ८. दक्षिणेकडे तोंड असताना डावा हात पूर्वेला असतो, म्हणून ५ पूर्वेला. पूर्वेकडून डावीकडे म्हणजे उत्तर, ३ वर. उत्तरेकडून उजवीकडे पूर्व, ७. पूर्वेकडून उजवीकडे दक्षिण, ४ खाली. पूर्वेला झाले ५ आणि ७ मिळून १२, दक्षिणेला ८ वजा ३ अधिक ४ म्हणजे ९. ९ चा वर्ग ८१, १२ चा १४४, बेरीज २२५, वर्गमूळ नेमकं १५. असल्या पेपरात आकडे बहुतेक असे गुळगुळीत येतील असेच घातलेले असतात (३-४-५, ५-१२-१३ ही मंडळी), त्यामुळे √२२९ सारखं काही आलं की पर्यायात जवळचा आकडा शोधायचा नाही, तिथेच थांबायचं. पर्याय मुळातच वर्गमुळात दिलेले असतील तर गोष्ट वेगळी.

पहिली चूक: पानाचं डावं आणि माणसाचं डावं

वर जाताना, म्हणजे उत्तरेला जाताना, तुमचा डावा हात आणि पानाची डावी बाजू एकच असते, म्हणून तिथे कोणी चुकत नाही. घोळ होतो तो खाली येताना. आणि परत काढलेलं चित्रसुद्धा तुम्ही त्याच बाजूने, त्याच क्रमाने काढता, वरून जुनं चित्र डोळ्यासमोर असतं, मग हात त्याच वळणावर तसाच वळतो. याला चेकिंग नाही म्हणत, हे झालं गिरवणं.

आपल्याकडच्या पोरांना मी एकच गोष्ट करायला लावतो. पान घेतलं की वर उत्तरेचा बाण, आणि डाव्या कडेला उभ्या अक्षरात "समुद्र" लिहायचं, उजव्या कडेला "सह्याद्री". मग दक्षिणेला जाताना मी विचारतो, "काय गो, रत्नागिरीहून राजापूरच्या बाजूला निघालीस, समुद्र कुठल्या हाताला?" उजव्या, एका सेकंदात सांगते, कारण हे तिने एसटीच्या खिडकीतून शंभर वेळा अनुभवलंय, समुद्र दिसो न दिसो. मग डावीकडे वळ म्हटलं तर समुद्राकडे जाशील की घाटाकडे? घाटाकडे. झालं की, पूर्व! मुंबईच्या दिशेने जाताना समुद्र डाव्या हाताला, कोल्हापूरच्या बाजूला तोंड केलं तर पाठीमागे. चार दिशा पाठ करण्यापेक्षा हे फार लवकर बसतं.

एक सांगून ठेवतो, हे डोक्यातल्या सरळ किनाऱ्यावर चालतं, प्रत्यक्ष जागेवर उभं राहून कराल तर फसाल. आपला किनारा अगदी उत्तर-दक्षिण नाहीये, खाली जाताना थोडा पूर्वेकडे सरकत जातो, आणि रत्नदुर्गावर नाहीतर विजयदुर्गाला गेलात तर समुद्र तीन बाजूंना, तिथे "समुद्र म्हणजे पश्चिम" म्हणणाऱ्याला कोणती पश्चिम ते विचारावं लागेल. पानावरचा समुद्र मात्र कायम डावीकडेच.

दुसरी चूक: वही फिरवायची पण बाण नाही काढायचा

काहींना कोणीतरी सांगितलेलं असतं की वळण आलं की वही फिरव, म्हणजे चालायची दिशा कायम तुमच्यापासून पुढे जाणारी राहील आणि डावं ते डावंच राहील. युक्ती चांगलीये, मी दुसरं चित्र असंच काढायला लावतो, कारण पहिल्यापेक्षा पद्धत वेगळी झाली की जुनी चूक जशीच्या तशी उतरत नाही. पण बाण पानावर काढलेला पाहिजे, मनात ठेवलेला नको. मनातला बाण वहीबरोबर फिरत नाही, तो कायम वरच असतो, आणि चार वेळा वही फिरवल्यावर शेवटी समोर जी बाजू असेल तिला लोक उत्तर दिशा समजून मोकळे होतात. आणि परीक्षेत मोठी प्रश्नपत्रिका बाकावर गरागरा फिरवता येत नाही, कच्च्या कामाची जागापण पानाच्या कोपऱ्यात एवढीशी, तेव्हा घरी फिरवून सवय करा आणि तिथे समुद्रावर भागवा.

तिसरी चूक: नुसती वळणं मोजून सुटका करून घेणं

वळणांचा हिशोब म्हणजे उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०, उजवीकडे वळलं की ९० मिळवा, डावीकडे वळलं की ९० वजा करा. आपल्या प्रश्नात डावं, डावं, उजवं, उजवं, म्हणजे सगळं कटलं, सुरुवात १८० ला तर शेवटपण १८०, तोंड दक्षिणेला. चित्रातला शेवटचा बाण दक्षिणेला नसेल तर चित्र चुकलं.

दुसऱ्या एका पोराचं असंच सापडलं. त्याने फक्त पहिलं वळण पानाच्या डावीकडे घेतलं, पुढची सगळी नीट घेतली, तर तो पोचला १२ पश्चिमेला आणि ७ दक्षिणेला, नैऋत्येला, आणि शेवटचा बाण चक्क उत्तरेला! एक वळण उलट्या हाताला गेलं की शेवटचं तोंड बरोब्बर विरुद्ध येतं, म्हणून लगेच कळतं. पण दोन वळणं उलटी गेली की १८० आणि १८० मिळून ३६०, म्हणजे काहीच बदललं नाही, हिशोब म्हणतो सगळं ठीक. मावशीच्या पोरीचं हेच झालं होतं, तिचाही शेवटचा बाण दक्षिणेलाच होता ना. म्हणून हा हिशोब चूक आहे एवढंच सांगू शकतो, बरोबर आहे असं नाही.

अंशांचे प्रश्न असले, म्हणजे तोंड वायव्येला, घड्याळाच्या दिशेने ९० आणि मग उलट १३५ वगैरे, तर तिथे मात्र चित्रापेक्षा हाच हिशोब बरा. वायव्य ३१५, अधिक ९० म्हणजे ४०५, त्यातून ३६० गेले, ४५, म्हणजे ईशान्य. त्यातून १३५ वजा, आले उणे ९०. इथे घाबरून उणे चिन्ह खाऊन टाकतात आणि ९० म्हणजे पूर्व लिहितात. ३६० मिळवा, २७०, पश्चिम.

मग चेक करायचं तरी कसं

उलटं चालून घरी जायचं. जुनं चित्र झाका, फक्त शेवटचा बिंदू वर्तुळ करून ठेवा आणि घर त्याच्यापासून कुठे आहे तेवढं लिहून घ्या. शेवटी तोंड दक्षिणेला होतं, आता मागे फिरा, उत्तरेला. प्रश्न शेवटून वाचा आणि प्रत्येक वळणाचा हात बदला, उजवं असेल तिथे डावं, डावं असेल तिथे उजवं. उत्तरेला ४, डावीकडे वळून पश्चिमेला ७, परत डावीकडे वळून दक्षिणेला ३, उजवीकडे वळून पश्चिमेला ५, उजवीकडे वळून उत्तरेला ८. खरं चित्र असेल तर दारात पोचता.

याची गंमत अशी की पहिल्या वेळी ज्या रेघा खाली जात होत्या त्या आता वर जातात, म्हणजे जिथे हात फसला होता तिथेच आता पान आणि हात एकमताने चालतात. मावशीच्या पोरीला तिच्याच चुकलेल्या बिंदूपासून उलटं चालायला लावलं, २ पूर्व १५ दक्षिण इथून, तर ती शेवटी थांबली घराच्या १० मीटर पश्चिमेला आणि ६ मीटर दक्षिणेला. "हे कोणाचं परसदार?" म्हणाली. मग स्वतःच शोधून काढलं कुठली दोन वळणं वाकडी गेली ते.

वेळ नसेल तर निदान दोन रकाने करा, एक पूर्व-पश्चिम एक उत्तर-दक्षिण, आणि आकडे अधिक-वजा लिहा. कच्च्या चित्रात ३ मीटरची रेघ ७ एवढी लांब निघते आणि मग नजरेने "घराच्या सरळ खालीच दिसतोय" म्हणून दक्षिण लिहून मोकळे. दिशा रकान्यांवरून ठरवायची, रेघांच्या लांबीवरून नाही.

आणि हे सगळं नीट करूनही जातो तो शेवटचा मार्क, कारण प्रश्न कधी विचारतो "तो घरापासून कुठे", कधी "घर त्याच्यापासून कुठे", कधी "त्याचं तोंड कुठे". आपल्या प्रश्नात यांची उत्तरं अनुक्रमे आग्नेय, वायव्य, दक्षिण, तिन्ही वेगळी, आणि तिन्ही पर्यायात असतात. "पासून" ज्या शब्दाला लागलाय त्याच्यावर पेन्सिल टेकवा आणि बाण तिथून दुसऱ्याकडे काढा.